सकाळचा भाव

नालबंदाने वीस वर्षं घोड्यांचे खूर मांडीवर घेतले होते आणि एकाही घोड्यावर पैसे लावले नव्हते. पण या करड्या घोडीची गोष्टच वेगळी होती. तिच्या टाचेला चीर पडली होती, म्हणून दोन शर्यतींत ती शेवटून पहिली आली. त्याने आडव्या पट्टीचा नाल बसवला आणि महिनाभरात घोडी अशी पळायला लागली की ट्रेनर बघतच राहिला. बाहेरच्यांच्या लेखी मात्र ती अजून लंगडीच होती. सकाळी बेटिंगच्या दुकानाच्या फळ्यावर तिचा भाव होता एकास बारा.

"हाच भाव घ्यायचा," त्याने मेहुण्याला बजावलं. "पावतीवर बारा लिहून घे. दुपारी ती मैदानात फिरली की चाल सगळ्यांना दिसेल, लोक तुटून पडतील. मग घोडे सुटताना जो भाव उरेल, तो खाली आलेला असेल. आत्ता लिहून घेतला की आपले बारा पक्के."

"आणि भाव वर गेला तर?"

"तर आपण फसलो. ज्याचा भाव चढणार असं वाटतं, त्याला सुटतानाचा घ्यावा. हिचा पडणार आहे, हे मला तिच्या खुरावरून कळतं."

स्वतः जायची त्याला सोय नव्हती. नालबंद खिडकीशी दिसला असता, तर दहा मिनिटांत भाव निम्म्यावर आला असता. म्हणून जमवलेले दहा हजार त्याने मेहुण्याच्या हातात ठेवले. जिंकलं तर एक लाख वीस हजार मिळणार होते, आणि लाखाला शेजारच्या गावातला म्हातारा नालबंद आपली भट्टी बसवलेली मोटारगाडी विकत होता. ती मिळाली की ऐरण हातगाडीवर लादून तबेलोतबेली वणवण थांबणार होती. कंबर आधीच बोलायला लागली होती.

मेहुण्याने घडी घातलेली पावती आणून दिली. "काम फत्ते, दाजी!" नालबंदाने ती न उघडताच खिशात टाकली. बायकोच्या भावाने आणलेली पावती कुणी तपासून बघतं का?

दुपारी घोडी मैदानात फिरली, आणि तो म्हणाला तसंच झालं. बाराचा भाव आठवर आला, मग पाचवर, आणि घोडे सुटले तेव्हा एकास तीन होता. घोडी दोन घोड्यांच्या लांबीने जिंकली. नालबंद कठड्याशी उभा राहून लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी खिडकीवरच्या कारकुनाने त्याला चाळीस हजार मोजून दिले.

"एक लाख तीस हवेत," नालबंद म्हणाला. "माझे दहा धरून."

कारकुनाने पावती त्याच्याकडे फिरवली. भावाच्या रकान्यात बारा नव्हते. तिथे लिहिलं होतं, सुटतानाचा भाव. "सकाळच्या भावाला एका माणसाकडून दहा हजारच घेतो आम्ही. तुमच्या मेहुण्याने आधी दहाची एक पावती बाराला केली. ही दुसरी. तिला मी बारा देऊ शकत नव्हतो, तसं त्यांना सांगितलं होतं."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, चालेल."

नालबंदाला एकदम थकल्यासारखं झालं. मेहुण्याने आपली पावती आधी केली होती. उलट केलं असतं, तर दाजीला गाडी मिळाली असती. दुसऱ्या कुणाला खिडकीवर पाठवलं असतं, तर दोघांचंही भागलं असतं. पण दुसऱ्या कुणाला नालबंदाने कशाला पाठवावं? घरचा माणूस होता ना!

रात्रभर तो एकाच प्रश्नाशी झुंजत होता. मेहुण्याच्या खिशात कधी शंभराची नोट टिकली नव्हती. त्याच्याकडे दहा हजार आले कुठून?

सकाळी फाटकाशी हॉर्न वाजला. भट्टीची गाडी उभी होती आणि स्टिअरिंगवर मेहुणा. "कालच उचलली, दाजी. म्हातारा थांबायला तयार नव्हता. आता तुम्ही भाड्याने वापरा, तुम्हाला स्वस्तात देईन."

बायको हात पुसत बाहेर आली. आनंदाने तिचा चेहरा फुलला होता. "अहो, शेवटी घरातच आली ना गाडी! त्याचाही संसार मार्गी लागायला नको?"

नालबंदाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या गळ्यात नेहमीची सोन्याची साखळी नव्हती. आठवडाभर नसावी, त्यालाच दिसली नव्हती.

त्याचा प्रश्न सुटला. "तुला पावतीचं माहीत होतं?" त्याने हळू विचारलं. बायको गाडीकडे बघत राहिली.

मेहुणा ऐरण उचलायला वाकला.

"हात लावू नकोस," नालबंद म्हणाला. त्याने एकट्याने ऐरण हातगाडीवर चढवली आणि कंबरेवर हात ठेवून क्षणभर थांबला. करड्या घोडीचे नाल आज बदलायचे होते.