सहा महिने आधी उगवलेलं बी

बत्तीस पानांचा अंक होता. नियतकालिक विभागाच्या बाईंनी तो पाकिटातून काढला, पाठीवर बोट फिरवलं आणि पहिल्याच कोष्टकावर थांबल्या. ग्रंथालयात त्या बावीस वर्षं होत्या. ‘बीज-नोंद’चा इतका पातळ अंक त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

‘बीज-नोंद’ दोन वर्षांतून एकदा निघे, आणि त्यामागे संपादकांचा आळस नव्हता. शंभर दाण्यांची एकेक पुडी मोहोरबंद करायची, दोन वर्षं ठेवायची, मग फोडून दाणे ओल्या कागदावर पसरायचे आणि किती कोंब येतात ते मोजायचं. जुनं बी ठेवावं की टाकावं हे बियाणं साठवणारे त्या आकड्यांवरून ठरवत. तेव्हा अंकाला दोन वर्षं लागत, कारण बियाला दोन वर्षं लागत.

मागचा अंक येऊन अठरा महिने झाले होते. या अंकातल्या पुड्यांवर मोहोरबंदीची तारीख त्याच महिन्याची होती. आणि कोष्टकाचा मथळा होता: ‘दोन वर्षांनंतरची उगवण’. वांगं, शेकडा एकाहत्तर.

बाईंनी बोटांवर महिने मोजले, मग कागदावर मोजले. दोन्हीकडे अठराच आले. अजून सहा महिने न सरलेल्या काळाची उगवण त्यांच्या हातात छापून आली होती.

संगणकावर त्या अंकाची नोंद करताच पडद्यावरची लाल चौकट हिरवी झाली. प्रकाशन नियमित. तेव्हा त्यांना पहिल्यांदा शिसारी आली, आणि ती पुढे बरेच दिवस गेली नाही.

नवी संगणक-प्रणाली तीन वर्षांपूर्वी आली होती. जुन्या कार्डांवरचे कालावधीचे शब्द नव्या यंत्रात कसे घालायचे, याचा तक्ता मुख्य ग्रंथपालांनी स्वतः केला, एका बैठकीत, कोणालाही न विचारता. त्यात ‘द्वैवार्षिक’समोर लिहिलं गेलं ‘वर्षातून दोन अंक’. अंक आला नाही की यंत्र आपणहून स्मरणपत्र पाठवी, प्रत्येक न आलेल्या अंकासाठी तीन. ‘बीज-नोंद’ यंत्रात मागच्या अंकापासून आली; त्यानंतर दोन अंक ‘चुकले’, सहा पत्रं गेली. सातवं पत्र वर्गणी बंद करण्याचं होतं. सगळ्यांखाली बाईंचं नाव यंत्रानंच छापलं होतं. एकही त्यांनी वाचलेलं नव्हतं.

“सर, हा कालावधी चुकला आहे,” त्या मुख्य ग्रंथपालांच्या खोलीत जाऊन म्हणाल्या.

“कुठला?”

“दोन वर्षांतून एकदा निघणारं आपण वर्षातून दोनदा मागतोय. चोवीस महिन्यांचं काम सहा महिन्यांत.”

“पण आला ना अंक?”

“खोटा आला.”

“बाई, अंक खोटा कसा असेल? पाकिटात होता.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “त्या पाक्षिकाच्या वेळीही तुम्ही असाच घोळ घातलात.”

घोळ असा होता. ते पाक्षिक पहिल्या आणि सोळाव्या तारखेला निघे, वर्षाला चोवीस अंक. यंत्र दर चौदा दिवसांनी मोजे, म्हणजे सव्वीस. कधीच न निघालेल्या दोन अंकांची मागणी दरसाल जाई. तिथल्या व्यवस्थापकानं कंटाळून दोन जुने अंक नवी वेष्टणं घालून पाठवले, आणि ते नोंदवून घेतले गेले. बाईंनी हरकत घेतली होती, तरी वाचनकक्षात आजही ते होते.

“तक्ता दुरुस्त करू द्या,” बाई म्हणाल्या.

“अहवाल गेलाय वर. शेकडा शंभर नियमितता. आता तुम्ही मागे जाऊन खोडाखोड करणार, मग मला विचारणार, तीन वर्षं काय झोपा काढत होता का?”

“काढतच होतो आपण.”

“तुम्ही काढत होता. पत्रांवर सही कोणाची आहे?”

यावर त्यांनी चहा मागवला. एकच कप.

संपादक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत, दोन खोल्यांत. त्यातली मोठी पुड्यांची होती. दार सुनेनं उघडलं.

“या ताई. बाबा आत आहेत. आज जेवले नाहीत, तुम्ही सांगून बघा.”

बाई तिशीच्या आत होत्या तेव्हा नोंदी ठेवायला त्यांना संपादकांनीच शिकवलं होतं. नोंद घेताना शाई वापरायची, पेन्सिल नाही, हे त्यांचंच. ते उठले नाहीत.

“अंक पोचला?”

“पोचला, सर. वांगं एकाहत्तर कुठून आलं?”

“मागच्या तीन अंकांची सरासरी.” त्यांनी नजर वर केली नाही. “मक्याचं थोडं खाली ओढलं, सरासरी आहे हे दिसू नये म्हणून.”

 

“सर, तुम्ही?”

“सात पत्रं आली. अकरा वर्गणीदारांत तुमचं ग्रंथालय सर्वांत मोठं. तुम्ही वर्गणी बंद केली की बाकीचेही करतात. मी दोनदा लिहिलं की हे दोन वर्षांतून एकदा निघतं. उत्तरादाखल पुढचं स्मरणपत्र आलं. खाली तुझं नाव. मला वाटलं, तुलाही आता घाई झाली असेल.”

बाईंना समजलं, की आपली किळस मुख्य ग्रंथपालांपुरती ठेवणं सोपं होतं, आणि ते आता जमणार नव्हतं.

“मागे घ्यायचा अंक,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना कळवायचं. त्यावर विसंबून कोणी जुनं बी ठेवलं तर?”

“एकट्याच्या नावानं कळवतो. आकडे मी लिहिले.”

“मागणी माझ्या नावानं गेली. दोघांच्या.”

“तुझी नोकरी आहे.”

“तुमचं आयुष्य आहे हे, सर.”

सून दारात उभी होती. “आधी दोघांनी जेवा,” ती म्हणाली, “मग काय ते बुडवा.”

अकरा पत्रं गेली. त्यांत लिहिलं होतं, की हा अंक रद्द समजावा. त्यातले आकडे मोजलेले नाहीत. ग्रंथालयानं चुकीच्या कालावधीनं मागणी केली आणि संपादकांनी ती खोट्यानं भागवली. बाईंनी यंत्रात कालावधी चोवीस महिने केला. चौकट पुन्हा लाल झाली, मग रिकामी, जशी असायला हवी होती. मुख्य ग्रंथपालांनी खुलासा मागवला. बाईंनी तोच मजकूर जोडला. त्यांची बदली बांधणी विभागात झाली, जिथे खिडकी नाही. मुख्य ग्रंथपालांचा गौरव झाला.

सात वर्गणीदारांनी वर्गणी बंद केली. खोटं बोलणाऱ्याची नोंद कशाला, असं एकानं लिहिलं. त्यात चूक काढायला जागा नव्हती.

सहा महिन्यांनी पुड्या फोडायची तारीख आली. संपादकांनी मोजायला नकार दिला.

“माझ्यावर कोण विश्वास ठेवील? तू मोज.”

बाईंनी ओले कागद पसरले, दाणे मांडले. दिवस भरल्यावर एकेक कोंब सुईनं बाजूला करत मोजला, परत मोजला. वांग्याचे शंभरांपैकी अडतीस आले.

संपादकांनी आकडा वाचला. “एकाहत्तर,” ते म्हणाले, “आणि अडतीस.”

“काय छापू?”

“दोन्ही. शेजारी शेजारी. डावीकडे मी लिहिलेला, उजवीकडे बियाचा. शाईनं लिही.”