चालतं गं, नॉर्मल आहे

आमच्या घरात डॉक्टर कुणीच नाही, पण डॉक्टरीणबाई आहेत. माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना ताई म्हणते. दिवसभर शिलाई मशीनवर बसून ब्लाऊज, पडदे, गणवेश असं काय काय शिवतात, आणि माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला फुकटचा सल्लाही देतात. दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन त्या कित्येक वर्षं घेत होत्या. त्यांची पाळी त्यानं पार थांबली होती, आणि याचा त्यांना इतका अभिमान, की जणू स्पर्धेत बक्षीस मिळालंय.

मी त्यांच्याच नादाला लागले. पहिलं इंजेक्शन घेतलं आणि माझं सगळं उलटंच सुरू झालं. चार दिवस डाग, एक दिवस काही नाही, पुन्हा डाग. कधी तपकिरी, कधी लाल. पाळी म्हणावी तर पाळी नाही, आणि नाही म्हणावं तर रोज धुणं.

मी ड्रायव्हिंग शिकवते. शिकणारा स्टीअरिंगवर आणि मी शेजारच्या सीटवर, माझ्या पायाशी एक जादा ब्रेक. दिवसभर बसून राहायचं काम. सीटवर मी काळा टॉवेल अंथरू लागले. एकदा गाडीतून उतरताना शिकायला येणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "बाई, सीटवर काहीतरी सांडलंय वाटतं." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यानंतर प्रत्येक वळणावर माझं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं स्वतःच्या खाली.

घरी येऊन ताईंना विचारलं.

"चालतं गं," त्या तोंडातली टाचणी काढून म्हणाल्या. "नॉर्मल आहे."

आठवडाभरानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मला संताप यायचा. रक्त माझं जातंय आणि नॉर्मल कोण ठरवणार, तर ह्या! बाथरूमचं दार लावून मी फोनवर वाचत बसायचे, आणि जितकं वाचायचे तितका जीव टांगणीला लागायचा. आत गाठ असेल का? दिवस राहिले असतील का? पोरगी नुकती चालायला लागली होती. नोकरी कशीबशी परत मिळाली होती. आत्ता दुसरं मूल मला नको होतं, आणि मरायचंही नव्हतं.

शेवटी मी जाहीर केलं, "मी इंजेक्शन बंद करणार."

"आणि मग काय करणार, देवावर हवाला?" ताई म्हणाल्या. "चल, दवाखान्यात विचारू. मी येते. गाडी मी चालवते, माझा सरावही होईल." त्या माझ्याकडेच शिकत होत्या आणि हात बऱ्यापैकी बसला होता.

दवाखान्यातल्या सिस्टरांच्या टेबलावर एक कुंडी होती आणि चेहऱ्यावर घाई अजिबात नव्हती. त्यांनी माझा रक्तदाब घेतला, बोटातून रक्त काढून हिमोग्लोबिन पाहिलं, आणि खात्रीसाठी लघवी तपासून दिवस राहिले नाहीत हेही सांगितलं. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

"या इंजेक्शनवर पहिले काही महिने असे डाग पुष्कळ जणींना पडतात," त्या म्हणाल्या. "दंडात कातडीखाली कांडी बसवतात ना, तिच्यावरही. पुढे बऱ्याच जणींची पाळी थांबते. तेही चालतं, रक्त आत साठत वगैरे नाही. पण मला काही गोष्टी सांगा. तासातासाला पॅड भिजतंय का? चक्कर येते?"

"नाही."

"ओटीपोटात दुखतं? ताप, वास येणारं पाणी?"

"नाही."

"संबंधांनंतर रक्त जातं?"

"नाही," मी म्हटलं.

शेजारी ताई पर्सची चेन सारखी उघडमिट करत होत्या. ती चेन अर्ध्यावरच थांबली. समोरच्याचं तोंड काहीही बोलो, हात आणि पाय खरं सांगतात, हे माझ्या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळतं. पण तेव्हा मी माझ्याच आनंदात होते.

"मग आत्ता काळजी नको," सिस्टर म्हणाल्या. "फार त्रास झाला तर डॉक्टर थोड्या दिवसांच्या गोळ्या देऊ शकतात, बंदच करायला हवं असं नाही. पण यातलं काही सुरू झालं तर इंजेक्शनचंच असेल म्हणून घरी बसायचं नाही. आणि पाळी कित्येक महिने थांबलेली असताना अचानक रक्त सुरू झालं, तरी दाखवायचं."

परत निघालो. ताई गाडी चालवत होत्या आणि मी बडबडत होते. पहिल्याच चौकात गाडी बंद पडली. पुढच्या चौकात पुन्हा. हिरवा दिवा लागला तरी त्या हलेनात, मागे हॉर्नचा गोंधळ. मग एकदम निघाल्या, त्या थेट वळणाऱ्या बसवर. मी माझा ब्रेक दाबला. गाडी गचकन थांबली आणि बस हातभर अंतरावरून गेली.

"ताई! लक्ष कुठंय?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर मात्र न विसरता दिला. मग दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून त्या रडायला लागल्या. ही बाई रडताना मी कधी पाहिली नव्हती.

"मला जातंय," त्या म्हणाल्या. "संबंध आले की प्रत्येक वेळी. खाली दुखतंही."

"कधीपासून?"

"तुझं सुरू व्हायच्या आधीपासून."

"आणि मला रोज चालतं, चालतं म्हणत होता?"

"तुला कुठं म्हणत होते गं? स्वतःलाच सांगत होते. तू विचारायचीस, मी म्हणायचे, आणि तेवढा दिवस जायचा."

माझ्या ओठांवर चार शब्द आले होते ते मी गिळले. "सीट बदला," एवढंच म्हटलं, आणि गाडी वळवली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी ताईंना त्याच दिवशी आत घेतलं. मी बाहेर बाकावर, मांडीवर त्यांची पर्स. आता मीच चेन उघडमिट करत होते. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. गर्भाशयाच्या तोंडाशी सूज होती आणि नुसत्या स्पर्शानं रक्त येत होतं. तपासायला नमुने पाठवले होते.

निकाल येईपर्यंत घरात मशीनचा आवाज बंद होता. ताई एकच शिवण उसवायच्या आणि पुन्हा घालायच्या. मला माझ्या डागांची आठवणसुद्धा राहिली नाही.

पेशींमध्ये बदल निघाले. मग मोठ्या इस्पितळात दुर्बिणीतून पाहिलं, छोटा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता. पण तसंच सोडलं असतं तर पुढे होऊ शकला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेवढा भाग काढून टाकला आणि ताई संध्याकाळी घरी आल्या. आता वेळेवर तपासणी मात्र चुकवायची नाही.

मी दुसरं इंजेक्शन घेतलं. परवा पुन्हा डाग दिसला. मी सवयीनं दारातूनच म्हटलं, "ताई, परत सुरू झालं."

त्यांनी मशीन थांबवलं. कात्री खाली ठेवली, चष्मा काढला आणि मला समोर बसवलं.

"दुखतंय? चक्कर? संबंधांनंतर जातंय का? खरं सांग, माझ्यासारखं करू नकोस."

मी प्रत्येकाला नाही म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मग चालतं गं," त्या म्हणाल्या, आणि माझा हात काही सोडला नाही.