आडवी मांडलेली सारणी

सव्वाअकराला निहाल बोरकुटे तोंडी परीक्षेच्या खोलीतून बाहेर आला आणि रेणुका आत्रामच्या कानाशी लागला. सरांनी सारणी दिली आहे, तीच सगळ्यांना देताहेत, सेन्सिटिव्हिटी सदुसष्ट टक्के येते. "पाठच कर बे. बाकी मग पाहू."

कम्युनिटी मेडिसिनच्या अंतर्गत गुणांची ही फेरपरीक्षा होती. निहाल पहिल्या वेळी टायफॉइडमुळे बसला नव्हता. रेणुका बसली होती आणि नापास झाली होती. आज पुन्हा राहिली तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देणार नव्हते. बॅच पुढे जाणार, ती मागे. आठवडाभर मेसमध्ये जेवणानंतर निहालने तिच्याकडून उजळणी करून घेतली होती. त्याची युक्ती सोपी होती: चार घरं, डावीकडचा वरचा आकडा घे, डाव्या उभ्या रकान्याच्या बेरजेने भाग, झाली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे खऱ्या आजाऱ्यांपैकी चाचणीने किती पकडले. उजवीकडचा खालचा आकडा उजव्या रकान्याच्या बेरजेने भाग, झाली स्पेसिफिसिटी, म्हणजे निरोग्यांपैकी किती निगेटिव्ह आले. रेणुकाला ते काही केल्या आठवत नसे. ती दरवेळी एकच विचारायची: कुणापैकी? निहाल वैतागायचा. "कुणापैकी, कुणापैकी. वधूवर मेळावा आहे का हा?"

तिला विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एटापल्लीच्या आश्रमशाळेत असताना सिकलसेलच्या तपासणीत तिची चाचणी पॉझिटिव्ह आली होती. नागपूरहून पक्का अहवाल येईपर्यंत आत्या तिला पाण्याची घागर उचलू देत नव्हती. अहवाल आला तेव्हा तिला काहीच नव्हतं. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी किती, हा प्रश्न तेव्हापासून तिच्याजवळ होता. त्याला नाव आहे, हे तिला एमबीबीएसला आल्यावर कळलं.

आत डॉ. ढवस सरांनी कागद पुढे सरकवला. हजार माणसं, मधुमेहाची एक झटपट चाचणी. वरच्या ओळीत १६० आणि ४०, खालच्या ओळीत ८० आणि ७२०. रेणुकाच्या ओठांवर सदुसष्ट आलं होतं. डावा रकाना, १६० आणि ८०, बेरीज २४०. बरोबर सदुसष्टच येत होतं.

मग तिने मथळे वाचले. आजार आडव्या ओळींत होता, चाचणी उभ्या रकान्यांत. पुस्तकात नेहमी उलट असतं; सरांनी सारणी आडवी पाडली होती.

"सेन्सिटिव्हिटी ऐंशी टक्के, सर."

"आधीच्या सगळ्यांनी सदुसष्ट सांगितली. बदलायची असेल तर बदल."

"नाही, सर. खरे आजारी दोनशे. त्यांतले एकशे साठ चाचणीने पकडले. सदुसष्ट आहे पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू. पॉझिटिव्ह आलेले दोनशे चाळीस, त्यांत खरे आजारी एकशे साठ."

सरांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. बाकीचे आकडे विचारले. निरोगी आठशे, त्यांतले सातशे वीस निगेटिव्ह, म्हणजे स्पेसिफिसिटी नव्वद. निगेटिव्ह आलेले सातशे साठ, त्यांत खरोखर निरोगी सातशे वीस, जवळपास पंचाण्णव टक्के. मग सर म्हणाले, हीच चाचणी घेऊन तुझ्या एटापल्लीकडे जा. तिथे हजारात वीसच आजारी आहेत असं धर.

तिने कागद उलटा करून नवी सारणी आखली. वीसपैकी सोळा पकडले, चार सुटले. नऊशे ऐंशी निरोग्यांपैकी दहा टक्के, म्हणजे अठ्ठ्याण्णव, विनाकारण पॉझिटिव्ह.

"चाचणी तीच आहे, सर. सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी तीच. पण पॉझिटिव्ह एकशे चौदा आणि खरे आजारी सोळाच. चौदा टक्के." तिने एकशे चौदावर पेनाने गोल केला. मग म्हणाली, "या एकशे चौदाही जणांना घरी पाठवताना पक्की तपासणी अजून बाकी आहे, हे आधी सांगावं लागेल. नाहीतर घरचे त्यांना आजारीच समजतात."

सरांनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. पुढचा प्रश्न शीतसाखळीचा, म्हणजे लसी थंड ठेवत गावापर्यंत नेण्याचा होता. त्यात ती दोनदा अडकली.

बाहेर निहाल वाट पाहत होता. ऐंशी सांगितली आणि शीतसाखळीत अडकले, असं तिने सांगितल्यावर तो आधी हसला. शीतसाखळीतली थंडी डोक्यात गेली का, असं म्हणाला. तिने त्याच्याच तळहातावर पेनाने चार आकडे लिहिले आणि मथळे सरांच्या कागदावर होते तसे मांडले. त्याने दुसऱ्या हाताच्या बोटाने वरच्या ओळीची बेरीज केली: दोनशे.

"आता विचार," ती म्हणाली. "कुणापैकी?"

"बस बे," निहाल म्हणाला. पण तिथेच पायरीवर बसला आणि म्हणाला, ते निगेटिव्हवालं पुन्हा एकदा सांग. आठवडाभरात पहिल्यांदाच ती शिकवत होती आणि तो ऐकत होता. रेणुकाने आवाज मुळीच खाली घेतला नाही. खोलीबाहेर रांगेत उभी असलेली दोन मुलंही सरकून जवळ आली.

दुपारी गुणपत्रक अधिष्ठात्यांच्या कार्यालयात गेलं. पात्र विद्यार्थ्यांची यादी पाचपर्यंत लागेल असं शिपायाने सांगितलं होतं. सहा वाजता फलकावर अजून मेसच्या बिलाचीच सूचना होती.