गॅब्रिएलची शेवटची बाटली

गॅब्रिएल वाईन करायचा म्हणजे घरात सण महिनाभर आधीच येऊन बसायचा. काळी द्राक्षं धुऊन पंच्यावर पसरलेली, चिनी मातीची बरणी उन्हात तापवून कोरडी केलेली, साखर, मूठभर गहू, चिमूटभर यीस्ट. बहीण विनिफ्रेड द्राक्षं कुस्करायची आणि तो लाकडी पळीने रोज ढवळायचा. "डावीकडून ढवळ रे, नायतर आंबट होईल," ती म्हणायची. त्यात काही तथ्य नव्हतं, पण तो डावीकडूनच ढवळायचा. त्याची छोटी मुलगी रोवेना फडक्याचं एक टोक धरून उभी असायची आणि गाळताना तिच्या मनगटावर जांभळे थेंब पडायचे.

रोवेना आता चाळिशीला टेकली होती. ठाकुर्लीला राहायची आणि डोंबिवलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. ठाण्यातल्या गावठाणातलं ते घर आता आत्याचं एकटीचं होतं. गॅब्रिएल नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पत्ते खेळता खेळता खुर्चीतच गेला. कपाळाला घाम आला, "जरा पाणी दे" म्हणाला आणि पाणी येईपर्यंत संपला होता. घरच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचा दाखला दिला. रोवेनाचा भाऊ ब्रँडन कॅनडात. त्याला पोचायला चार-पाच दिवस लागणार होते, म्हणून रोवेनाने हॉस्पिटलात जाऊन शवलेपन करून घेतलं. ब्रँडन आला, वडिलांच्या गालाला हात लावून पोटभर रडला, आणि गॅब्रिएलला गावातल्या कबरस्तानात माती दिली.

पण रडून ब्रँडनचं भागलं नाही. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, की नाताळच्या रात्री वाईन पिऊन आणखी एक-दोघांची पोटं बिघडली होती. त्यातच विषारी दारूने माणसं मेल्याची कुठलीशी बातमी त्याच्या वाचनात आली. विनिफ्रेड आत्या आताशा विसरते, काय टाकते आणि काय नाही कोण बघतं, असं म्हणत तो पोलिसांकडे गेला. फेब्रुवारीत तहसीलदारांचा हुकूम आला आणि एका सकाळी पंचांसमोर कबर उघडली गेली.

आता रासायनिक अहवाल आला होता. त्यात मिथाइल अल्कोहोल, म्हणजे मिथेनॉल होतं. विषारी दारूत असतं तेच.

"बघ," ब्रँडन फोनवर म्हणाला. "मी वेडा नव्हतो ना?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून रोवेना शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर दर्शना म्हात्रे यांना भेटायला गेली. त्यांच्या खोलीत फिनेलचा वास होता आणि टेबलावर अर्धा खाल्लेला वडापाव.

"तुमच्या आत्याबाईंना कुणी काही बोललं का?" म्हात्रेंनी विचारलं.

"बोललं नाही. फक्त यायचे बंद झालेत सगळे. कालपर्यंत तिच्या हातचं लोणचं मागायला येणारेसुद्धा."

म्हात्रेंनी अहवाल तिच्याकडे वळवला. "आकडा वाचायचा नसतो, मॅडम. आकडा आला कुठून ते वाचायचं असतं. बघा. जठर, यकृत, मूत्रपिंड. सगळीकडे जवळपास सारखंच मिथेनॉल, आणि इतकं, की तेवढं पोटातून गेलं असतं तर तुमचे वडील दुसऱ्या दिवशी पत्ते खेळायला उठलेच नसते. शिवाय फॉर्मॅलिन. ते कोण पितं?"

"म्हणजे?"

"शवलेपनाचं औषध. त्यात फॉर्मॅलिन असतं आणि मिथेनॉलही असतं. ते रक्तवाहिन्यांतून सगळ्या अंगात भरतात. शवलेपन झालंय हे मी प्रयोगशाळेला कळवलं होतं. त्या औषधाचा नमुना आणि कबरीच्या आजूबाजूची मातीही पाठवली होती. औषधात तेच निघालं, मातीत काही नाही."

रोवेनाचा हात टेबलाच्या कडेवर थांबला. भावाला चेहरा दिसावा म्हणून शवलेपनाच्या कागदावर सही तिनेच केली होती.

"मग झालं ना. आत्या सुटली."

"नाही." म्हात्रे सरळ बोलणाऱ्या बाई होत्या. "बाहेरून एवढं भरल्यावर आधी आत काही होतं की नव्हतं, हे मी या शरीरावरून सांगू शकत नाही. हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण म्हणता येत नाही. रासायनिक तपासणीचे अवयव आम्ही मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतो, फॉर्मॅलिनला लांब ठेवतो, ते याचसाठी. इथे ते आधीच आत गेलेलं. बरं, त्या दिवशी त्यांना धुरकट दिसत होतं? उलट्या? पोटात दुखणं?"

"माझ्या हातातला एक्का त्यांनी लांबून ओळखला. वर चिडवलंही."

"हे जबाबात लिहून द्या. आणि ती वाईन हवी. रिकाम्या बाटल्या मिळाल्या, पण तुमच्या आत्याबाईंनी त्या साबणाने घासून ठेवल्या होत्या."

"तिने आयुष्यभर काहीच न घासता ठेवलेलं नाही."

म्हात्रे किंचित हसल्या. "त्याच बरणीतली, न उघडलेली एखादी बाटली असती तर."

होती. ठाकुर्लीच्या घरी, पुस्तकांच्या कपाटात, जाड शब्दकोशांच्या मागे. गॅब्रिएलने नाताळच्या आधीच दिलेली. बूच लावून त्यावर मेणबत्तीचं मेण ओतलेलं आणि मेणावर त्याच्या अंगठ्याचा ठसा. वडील गेल्यावर तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. कधीतरी उघडू म्हणायची, आणि त्या कधीतरीला मुद्दाम लांब ठेवायची.

"थोडी काढून दिली तर चालेल?" तिने विचारलं. विचारतानाच तिला उत्तर कळलं होतं.

"उघडलीत की ती तुमची बाटली राहील, पुरावा नाही. आहे तशी, मेणासकट द्या. पोलिसांना घरी बोलवा, पंचांसमोर कपाटातून काढू दे."

हवालदार कमलेश आला तेव्हा त्याने बाटली फार जपून धरली. "सील तोडणार नाय मॅडम, त्याच्यावर आमचं सील मारतो," तो म्हणाला. पण लाखेचा थेंब पडला तो ठशावरच. रोवेना खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

पावसाळा सरत आला तेव्हा म्हात्रेंचं अंतिम मत आलं. वाईनमध्ये नेहमीच्या दारूत असतं ते इथाइल अल्कोहोल होतं, आणि घरी आंबवलेल्या कुठल्याही फळाच्या वाईनमध्ये मिथेनॉल असतं तेवढंच, नावापुरतं. हृदयाच्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली होती. एक मुख्य धमनी गुठळीने बंद होती. "कबरीत दीड-दोन महिने राहून हे एरवी इतकं स्वच्छ दिसलं नसतं," म्हात्रे फोनवर म्हणाल्या. "त्या औषधाने माझं रसायन बिघडवलं, पण हृदय टिकवलं. शवलेपन केलंत ते वाया नाही गेलं."

ब्रँडनला तिने अहवाल पाठवला. वाचून त्याने फोन केला. "मी तिथे नव्हतो ना गं. कुणाचीतरी चूक असायला हवी होती."

"आत्याला सांग हे. मला नको."

"ती बोलेल?"

"ती आधी शिव्या देईल. मग बोलेल."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून रोवेना गावठाणात गेली. विनिफ्रेड ओट्यावर बसून सुकट निवडत होती. रोवेनाने सगळं समजावून सांगितलं. गुठळी, औषध, वाईन. म्हातारीने मान वर केली नाही. बोटं तेवढी थांबली होती.

"ब्रँडनचा फोन आलेला," ती शेवटी म्हणाली. "कॅनडात जाऊन अक्कल तिथल्या बर्फात ठेवून आलास काय, म्हटलं त्याला. रडला." तिने सुकटीतली एक काडी वेचून फेकली. "बाटली कुठची दिलीस गो? ती मेणाची?"

"हो."

"आणि त्यांनी ती तपासली."

"तपासली."

"चव कशी झालेली, विचारलंस?"

"आत्या, ते चव नाही बघत. अल्कोहोल किती ते बघतात. बारा टक्के."

विनिफ्रेडने सुकटीचं सूप बाजूला सरकवलं. "बारा? मेल्याने मला आठ सांगितलेलं. म्हणून मी फादरना दोन-दोन गिलास देत होते," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. हसताना डोळे वाहत होते, आणि रोवेना तिच्याजवळ ओट्यावर बसून सुकट निवडायला लागली.