शेंडे कापायचा कागद

तुडीलच्या देवळात एकादशीचं कीर्तन संपलं आणि बुवांनी मला हात धरून पुढे उभं केलं. म्हणाले, "मुरारीपंत, सोसायटीचा कागद वाचा. माणसं बसलेली आहेत तोवर." मी वाचला. कीर्तनात वाढलेला माणूस मी, साधं वाचणं मला जमतच नाही. "शेंडे का कापायचे?" असं मी विचारायचो आणि समोरून सगळे म्हणायचे, "खोडकिडा मारायला!" मागे टाळकरी ठेका देत होते. रावजी माझ्या शाळेतला मित्र. तो तर डोळे मिटून डोलत होता. देवाच्या दारात कामाची गोष्ट पोचवली, म्हणून मी त्या दिवशी फार समाधानाने जेवलो.

कागद लिहिला होता अक्षदाने. ती कापडे गावची पोर, शेतकी शिकलेली. सभासदांना सल्ला द्यायला आम्ही तिला महाडच्या कचेरीत ठेवलं. नऊ पानांचा इंग्रजी संशोधन लेख तिने रावजीसारख्याला कळेल अशा मराठीत एका पानावर आणला. खोडकिड्याची मादी भाताच्या पातीच्या टोकाशी अंडी घालते. लावणीच्या वेळी रोपांच्या जुडीचे शेंडे कापून जाळले, तर ती अंडी शेतात जातच नाहीत. लेखातल्या प्रयोगात अशा वाफ्यांत रोपाचा गाभा वाळवणारी गाभेमर खूप कमी झाली होती. शेवटी तिने जाड चौकट केली होती.

छपाईचं काम माझ्याकडे. मी शेतकरी सोसायटीचा सचिव. खताची मागणी-चिठ्ठीही त्याच आठवड्यात पाठवायची होती. म्हटलं, वेगळा कागद कशाला? पानाच्या तळाला कात्रीची रेघ मारून चिठ्ठी बसवली. चौकट पुढे मावेना म्हणून मागे गेली. मागे वरच्या अर्ध्यात वार्षिक सभेची सूचना होती, त्यामुळे चौकट आली खाली. छपाईवाल्याने नमुना दाखवला तेव्हा मी पुढची बाजू दोनदा तपासली. देवळात वाचली तीही पुढचीच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भरलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर होता. बाहेर पाऊस धरून बसलेला. एका चिठ्ठीवर सही दिसेना, म्हणून मी ती उलटली.

मागे चौकट होती. 'ज्या शिवारात मागच्या वर्षी कडा करपा आला, तिथे शेंडे कापू नका. कापलेल्या टोकातून रोगाचे जिवाणू रोपात शिरतात. विळ्याने आणि पाण्याने ते पुढे पसरतात.'

दुसरी उलटली. तिसरी. सगळ्यांच्या पाठीवर तेच. जे घरोघर राहायला हवं होतं, ते सभासदांनी नीट फाडून, सही करून आमच्याकडे परत पाठवलं होतं.

"अक्षदा," मी हाक मारली.

ती आली आणि तिने आणखी दोन चिठ्ठ्या उलटून बघितल्या. "काका, हे चिठ्ठीच्या मागे कसं?"

मी चिठ्ठीच्या फाडलेल्या कडेवर बोट ठेवलं. तिला कळलं.

"गेल्या वर्षी कडा करपा कुठे कुठे होता?"

"तुडील. सावित्रीच्या पुराचं पाणी शेतात शिरलं होतं ना, त्यानंतर. रावजीचं तर सगळं पिवळं पडलं होतं."

"त्यांची लावणी कधी?"

रावजीने कालच फोनवर सांगितलं होतं. "आज," मी म्हणालो.

त्याचा फोन वाजत राहिला. चिखलात हात असले की कोण उचलणार? आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. वाटभर पाण्याची झड तोंडावर येत होती आणि मी नाम घेत होतो. एरवी नाम घेताना मन निवतं. त्या दिवशी प्रत्येक नामामागे तो टाळांचा ठेका ऐकू यायचा, आणि माणसांचं ते एकसुरात उत्तर देणं.

रावजी बांधावर फळी टाकून बसला होता. एका हातात जुडी, दुसऱ्यात विळा. एका झटक्यात शेंडे खाली. शेजारी हिरवा ढीग साचलेला.

"ये रे मुरारी! आलास माझी परीक्षा घ्यायला? बघ, तू सांगितलंस तसंच केलाय. एक शेंडा सोडला नाय."

चिखलात वाकलेली बयाबाई, त्याची बायको, तिथूनच म्हणाली, "त्या कीर्तनापासून हे लय शहाणं झालंत. मला पण विळा धरू देत नायत!"

लावणीच्या बायका हसल्या. अक्षदा हसली नाही. ती रोपवाटिकेत उतरली आणि कडा पिवळट पडलेली एक पात शोधून आणली. "काकू, काचेचा पेला मिळेल? स्वच्छ पाणी भरून."

"तहान लागली काय गो?"

"नाही. पात बघायचीय."

घर बांधालगतच होतं. बयाबाईने पेला आणला. अक्षदाने पातीचा तुकडा कापला आणि कापलेलं टोक पाण्यात धरून ठेवलं. आम्ही सगळे छत्रीखाली वाकून बघत होतो. पाणी निवळ होतं. मी मनात म्हणालो, देवा, निवळच राहू दे.

थोड्या वेळाने टोकातून दुधासारखा एक बारीक धागा सुटला आणि हळूहळू तळाकडे गेला.

"ह्ये काय?" रावजीने विचारलं.

"हे जिवाणू, काका. कडा करपा. गेल्या वर्षीचा. धसकटांत, नाहीतर बियाण्यात राहिला असेल. रोपांत आधीच आहे. तुम्ही त्याच विळ्याने सगळ्या जुड्या कापल्या ना?"

रावजीने विळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "पण तू तर देवळात..."

"मी अर्धंच वाचलं, रावजी. उरलेलं चिठ्ठीच्या मागे होतं. तसं मीच छापलं."

तो शिव्या देईल असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने विळा खाली ठेवला, हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि अक्षदाला विचारलं, "औषध?"

"आत शिरल्यावर बरं करणारं नाही. युरिया आता टाकू नका, त्याने रोग वाढतो. या शेताचं पाणी दुसऱ्याच्या शेतात जाऊ देऊ नका. उरलेली रोपं कापू नका आणि कुणाला देऊही नका."

"देऊ नको?" बयाबाई एकदम सरळ उभी राहिली. "अवो, श्रुतिकाचं सांगा की!"

श्रुतिका त्यांची लेक, कापड्याला दिलेली. चढावर घर, घराखाली पायऱ्यांसारखी खाचरं. तिची रोपवाटिका पावसाने वाहून गेली होती. जास्तीची रोपं लेकीला धाडायची, ही इथली रीतच. सकाळी सातलाच टेम्पो गेला होता, कापलेल्या जुड्यांनी भरून.

अक्षदाने हातातला पेला बांधावर ठेवला. "कापड्याला हा रोग कधीच आलेला नाही," ती म्हणाली. तिचं स्वतःचं घर तिथे होतं.

रावजीने फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे लावणीची गाणी चालली होती.

"बाबा! रोपं पोचली हो. काय झ्याक हायत! शेंडे कापल्यामुळं हाताला पण बरी लागतात."

"श्रुतिका, लावू नको गो. थांबव."

"आता काय थांबवू? वरची दोन खाचरं झाली पण. का?"

"रोपांत रोग हाय. उपट सगळी, जाळ. आणि वरचं पाणी खाली सोडू नको. बांधाची मोरी बुजव, आत्ताच्या आत्ता."

गाणी थांबली. फोनमध्ये आता फक्त पाऊस ऐकू येत होता, इथल्यापेक्षा मोठा.

"बाबा," ती म्हणाली, "हितं सकाळपासनं ओततोय. मोरी बुजवली तं बांध फुटंल. पाणी केव्हाच खाली गेलंय, पार शेजारच्या धोंडूआबांच्या खाचरात. त्यांची लावणी परवाच झाली."

अक्षदाने माझ्याकडे पाहिलं. "त्यांनी पण शेंडे कापले असतील, काका. कागद त्यांनाही गेलाय."

"किती दिवसांत कळंल?" रावजीने विचारलं.

"पंधरा-वीस."

बयाबाई पुन्हा वाकली नाही. कुणीच वाकलं नाही. बायका हातात जुड्या धरून गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि मी काय सांगतो याची वाट बघत होत्या.