उज्वलाच्या दारातले ठिपके

माझ्या पेजवरच्या रांगोळ्या चुकत नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगते. दिवाळीची ‘सात ते चार’ ठिपक्यांची पोस्ट तर झकास जमली होती. पहिल्या स्लाइडवर सहा पाकळ्यांचं फूल, दुसरीवर नुसते ठिपके, मग एकेका स्लाइडला एकेक पाकळी आणि शेवटी रंग.

माझी धाकटी बहीण उज्वला हीच रांगोळी काढणार होती. दिंडोरीत तिने स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला, धनत्रयोदशीला सकाळी वास्तुपूजन होतं. लहानपणापासून रेघा माझ्या, रंग भरणं तिचं. म्हणून मी नाशिकहून लवकर येते म्हटल्यावर ती फणकारली, “ताई, माझ्या दारातली पहिली रांगोळी मीच काढनार. तू पाहुन्यांसोबत ये.”

सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. डोळे भरलेले.

“पाकळ्या जुळतच नाय गं! पाहुने निघाले असतील. पुसून टाकू का सगळं?”

मी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मधली ओळ सातची बरोबर होती. पण वर-खाली सहा, पाच, चार ठिपके तिने डावीकडून, पहिल्या ठिपक्याच्या अगदी सरळ रेषेत दिले होते. ते द्यायचे असतात दोन ठिपक्यांच्या मधोमध. डावी कड भिंतीसारखी सरळ, उजवी टोकदार!

“चित्रात दिसत नव्हतं का?” मी ओरडले.

“तू सगळे ठिपके एकदमच दाखवलेस. मी आकडे वाचून दिले. मधोमध द्यायचे असं लिहिलंस कुठं?”

खरंच लिहिलं नव्हतं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. माझा राग जागच्या जागी विरला, आणि मला तिची फार दया आली.

तेवढ्यात बोलता बोलता तिच्या हातातला फोन आडवा झाला. सरळ कड खाली आली, टोक वर गेलं. खाली सातच्या चार ओळी, त्यावर पाच, तीन, एक.

“पुसू नकोस! सरळ कडेच्या बाजूने, जिन्याकडून बघ. काय दिसतं?”

ती जिन्याजवळ गेली.

“घर,” ती म्हणाली. “छपरासकट.”

“मग कडेचे ठिपके जोड. खालच्या मधल्या तीन ठिपक्यांवर दार काढ.”

“थांब, सांगू नको आता. माझं मी बघते.” तिने फोन ठेवून दिला.

मी पाहुण्यांसोबत पोचले, तेव्हा जिन्यावरून वर येणाऱ्याला समोरच घर दिसत होतं. रेघा थोड्या थरथरल्या होत्या, पण घर भक्कम उभं होतं. पुढे दोन पणत्या. रंग तेवढे भरायचे राहिले होते.

आता दुरुस्त पोस्टमध्ये प्रत्येक ओळीला वेगळी स्लाइड आहे. उज्वलाच्या घराची पोस्टही वेगळी टाकली. त्या पोस्टच्या शेवटच्या स्लाइडवर चिमटीतून रंग सोडणारा एक हात दिसतो. लोक तो उज्वलाचा समजतात. तो माझा आहे.