एकशे ऐंशी किलो सोयाबीन

नांदेडच्या संगमेश सरांनी गणिताचा पेपर इंग्रजीत काढायचा आणि लातूरच्या शिवकांताबाईंनी तो मराठीत आणायचा, असा ट्रस्टच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा चार वर्षांचा रिवाज. सर विद्वान खरे, पण फोटो काढायची विद्या त्यांना देवानं दिलीच नव्हती. हातानं लिहिलेल्या पेपरचे त्यांनी पाठवलेले फोटो बघा: पहिल्यात अंगठा, दुसऱ्यात चहाचा कप, तिसरा इतका तिरपा की तो वाचताना बाईंची मान वाकडी झाली ती दुपारी जेवतानाही सरळ होईना.

आणि यंदा चूक परवडणारी नव्हती. गेल्या वर्षी मराठी पेपरात एक आकडा बदलला गेला. उत्तरतालिका दोन्ही पेपरांना एकच, त्यामुळं मराठीची पोरं तिथं मागं पडली. ट्रस्टनं ठराव केला: यंदा एक जरी चूक निघाली तर पुढच्या वर्षापासून मराठी पेपर बंद, सगळ्यांना इंग्रजी. जळकोटकडची तीनशे पोरं याच पेपरावर अवलंबून. पाचला छापखाना बंद होणार होता. बाकी पेपर झाला होता, पण चार वाजले तरी बाई अकराव्या प्रश्नावरच अडकलेल्या.

"सर, अकराव्यात ओलावा वीस टक्के का सव्वीस?" त्यांनी फोन लावला. "तुमच्या अंगठ्याची सावली पडलीय."

"पर्यायावरून कळतंय की बाई."

"वीस धरले तर एकशे साठ येतात, सव्वीस धरले तर एकशे अठ्ठेचाळीस. तुम्ही दोन्ही पर्याय दिलेत."

सरांनी मूळ कागद उलगडला. "वीस. शून्याला शेपूट फुटलं असंल."

"तोंडी नको. नवा फोटो पाठवा, अंगठा घरी ठेवून."

नवा फोटो आला. वीसच होते. बाईंनी लिहिलं: 'एकशे ऐंशी किलो सोयाबीनमध्ये वजनाच्या २० टक्के ओलावा आहे. ते वाळवल्यावर ओलावा १० टक्के राहिला. आता सोयाबीनचं वजन किती?' आणि सहीसाठी कागद हणमंतरावांपुढं ठेवला.

हणमंतराव म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष. धान्याच्या मोंढ्यात आडत दुकान, चाळीस वर्षं सोयाबीन तोलण्यात गेलेली. पोत्यात नुसता हात घातला तर ओलावा सांगतात, आणि लोक म्हणतात, पोतं लाजून स्वतःच कबूल करतं. त्यांनी कागद वाचला आणि पेन उचललं.

"बाई, हे लई आडवंतिडवं झालंय. सरळ लिहा की, वाळवल्यावर दहा टक्के घट आली. पोरं पटकन सोडवतील. एकशे बासष्ट."

"अण्णा, एकशे बासष्ट चुकीचं आहे."

"मोंढ्यात असंच धरतेत."

"मोंढ्यात धरू द्या. एकशे ऐंशीत पाणी छत्तीस किलो, कोरडा माल एकशे चव्वेचाळीस. वाळल्यावर कोरडा माल तेवढाच राहतो, फक्त आता तो नव्वद टक्के झाला. म्हणजे वजन एकशे साठ. तुमचं वाक्य छापलं तर मराठीची पोरं एकशे बासष्टला खूण करणार, आणि तालिकेत एकशे साठ. मग तुमचाच ठराव मराठी पेपर बंद करणार."

हणमंतरावांनी पाठकोऱ्या कागदावर एकदा मांडलं. दुसऱ्यांदा मांडलं. तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटर मागवला आणि त्याच्याकडंही संशयानं बघितलं.

"मग माझे दोन किलो चाळीस वर्षं गेले कुठं?" ते हळूच म्हणाले.

"ते नंतर शोधा. सही करा."

"थांबा की. मी बुडालो तर पोरं कशी तरतील? खाली कंसात टाका, 'कोरडा भाग तेवढाच राहतो.' तेवढंच पुण्य."

बाईंनी कपाळाला हात लावला. मघाशी हा माणूस उत्तर बदलून राहिला होता, आता उत्तर वाटून राहिलाय. "अण्णा, प्रश्नाची मेख तीच आहे. इंग्रजीवाल्यांना हे सांगितलेलं न्हाई. आपण सांगितलं तर ते म्हणतील, मराठीवाल्यांना फुकटचे गुण दिले, आणि खरं म्हणतील. सूचना दिली तर दोन्हीकडं, न्हाईतर कुठंच न्हाई."

"मग नांदेडला विचारा."

विचारलं. फोनवर संगमेश सर एवढंच म्हणाले, "हणमंतरावांना म्हणावं, परीक्षा हाय, लंगर न्हाई."

चार वाजून चाळीस. बाईंनी नवा फोटो आणि मराठी कागद शेजारी-शेजारी ठेवले, बोट ठेवून एकेक आकडा ताडून बघितला: एकशे ऐंशी, वीस, दहा, चार पर्याय, त्याच क्रमानं. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. हणमंतरावांनी सही केली. शिवकांताबाईंनी कागदाला हात घातला, तर तो सुटेना.

"अण्णा, छापखाना."

"हाव, हाव. हा बारावा तेवढा बघू द्या. नळाचा हाय, एका बाजूनं भरतंय, दुसऱ्या बाजूनं गळतंय." पेन परत टेकलं होतं. "पोरांसारखं बघून राहिलो फक्त. काही बदलत न्हाई."

बाईंनी आधी पेन काढून घेतलं, मग कागद.